नाव ठेवायचं ते आत्यानंच

माझं अलका हे नाव विमल आत्यानं ठेवलं, हे मी मुद्दाम सगळ्यांना सांगते. तिला ते ठेवू द्यायचं नाही, असं अर्ध्या घरानं ठरवलं होतं.

विमल आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली आणि गावातल्या सिंधीपुरा भागातल्या शाळेत मास्तरीण झाली. सत्तावन्न सालची गोष्ट. विदर्भ मुंबई राज्यात गेला होता, आमचं गाव मध्य प्रदेशातच राहिलं होतं. वडील जर्मनीहून गिरणीकामाचं शिक्षण घेऊन आले, सोबत हिल्डा, म्हणजे माझी आई. तिच्याशी बोलायला घरात कुणी धजेना. आत्याच तिला मराठी शिकवायला पाटी घेऊन बसली.

आईच्या भाषेत मावशी, आत्या, काकू, मामी या सगळ्यांना एकच शब्द. आत्याला ते ऐकूनच राग आला.

"असं कसं चालेल? आईची बहीण मावशी, आईचा भाऊ मामा, त्याची बायको मामी. बापाचा भाऊ काका, त्याची बायको काकू. बापाची बहीण आत्या."

"मग सासूबाईंना आत्याबाई का म्हणायचं?" आईनं विचारलं. "त्या माझ्या वडिलांच्या बहीण नाहीत."

"पूर्वी मुलगी आत्याच्याच घरी सून म्हणून द्यायचे. आता रीत कमी झाली, हाक तेवढी राहिली."

"आणि तुम्ही माझ्या कोण?"

"नणंद. मला वन्सं म्हण. तुझ्या लेकराची मात्र आत्या. मामा भाच्याला मांडीवर घेऊन जावळ काढतो, आत्या बाळाचं नाव ठेवते." एवढं बोलून तिनं घाईनं पाटी पुसून टाकली. का, ते आईला माझ्या बारशाला कळलं.

पाळणा सजला, बायका जमल्या. आत्या स्वयंपाकघरात. चुलत आजी मालूबाई म्हणाल्या, "शुभ काम आहे, विमलले आगे नका करू. शाहपुरची कमल आली ना, सुवासिन आहे. ते भी आत्याच."

"चुलत आत्या," आई म्हणाली. "सख्खी आत घरात आहे."

"ते विधवा आहे ना, बाई."

"नवरा वारला म्हणून त्या ह्यांच्या बहीण राहिल्या नाहीत का? त्यांना बोलवा. नाहीतर मी बाळ देणार नाही." आणि मला छातीशी धरून ती भर बायकांत पाळण्यासमोर उभी राहिली. तिच्या या हट्टाचा मला आजही अभिमान वाटतो.

आत्या आली. तिनं माझ्या कानात नाव सांगितलं.

नाव सांगून झालं की बायका हसत आत्याच्या पाठीत बुक्के घालतात. त्या दिवशी एकही बाई जागची हलली नाही. विधवेला हात कोण लावणार?

तेव्हा माझी आजी गोदाबाई उठली आणि तिनं स्वतःच्या लेकीच्या पाठीत सणसणीत बुक्का हाणला. मग आईनं. मग शाहपुरच्या कमलनं.

आत्या रडत रडत म्हणाली, "अजून मारा."