पाच ते पावणेसात

दौंडच्या रेल्वे कॉलनीत आम्ही राहत होतो तेव्हा माझी नोकरी पुण्याच्या एका सरकारी कचेरीत होती आणि ती टिकून होती ती स्वयंपाकाच्या मावशींमुळे. सातची पुण्याची शटल गाडी चुकली की कचेरीत लेटमार्क. तीन लेटमार्क झाले की एक रजा गेली. त्या वर्षी माझ्या रजा मुलीच्या कांजिण्यांत आधीच संपल्या होत्या आणि साहेबांनी तोंडी बजावलं होतं, "बाई, आता पुढचा कागद लेखी येईल." म्हणजे शटल गाठणं आलं, आणि शटल गाठायची तर पावणेसातला घराबाहेर पडणं आलं. मावशी पहाटे पाचला यायच्या आणि पावणेसातला पुढच्या घरी जायच्या. म्हणायला दोन तास, प्रत्यक्षात तेवढेही नाहीत.

त्या वेळात काय काय व्हायचं ते सांगते. माझा डबा, ह्यांचा डबा, मुलीचा शाळेचा डबा. सोळा पोळ्या, एक भाजी, कुकरमध्ये डाळ-भात, आणि आप्पांना चार भाकरी. आप्पा म्हणजे माझे सासरे. खुटबावचं रान धाकट्या दिरांच्या हवाली करून ते आमच्याकडे राहायला आले होते, पण ज्वारीची भाकरी काही त्यांनी सोडली नव्हती. संध्याकाळचं फक्त मी बघायची.

आठवड्याची आखणी माझी होती आणि तिचा मला फार अभिमान होता. बाजारातून आणलेल्या पालेभाज्या पहिल्या दोन दिवसांत संपवायच्या, मग गवार, दोडका, आणि शेवटी बटाटा नाहीतर झुणका. मटकी शनिवारी भिजवायची, रविवारी फडक्यात बांधायची, की सोमवारी उसळ. एवढं सगळं नीट असूनही रोज शेवटच्या पाच मिनिटांत माझी धांदल उडायची. गरम पोळी डब्यात कोंबायची, झाकण लावायचं आणि साडीला पिन लावत जिना उतरायचा. मला वाटायचं, आखणीत खोट नाही, मग वेळ जातो कुठं?

तो कुठं जातो ते मी एक दिवस शोधून काढलं. मावशी आल्या की आधी स्वतःपुरता चहा टाकायच्या. तो घेऊन मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसायच्या, रात्रीची पोळी असली तर त्यात बुडवून खायच्या. यात दहा मिनिटं जायची. मी ती घड्याळात मोजली होती. मोजताना आपण काही क्षुद्रपणा करतोय असं मला अजिबात वाटलं नाही, हे आज लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

मी ह्यांच्याजवळ कुरकुर केली. हे दौंड स्टेशनात असिस्टंट स्टेशनमास्तर. गाड्या कशा चालवायच्या एवढा एकच विचार त्यांच्या डोक्यात, घरीसुद्धा. म्हणाले, "त्यात काय, ग्राफ काढून देतो." रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात गाड्यांच्या हालचालीचा जो ग्राफ काढतात, तसला चौकटींचा मोठा कागद कुठूनसा आणला आणि रविवारभर निळी-तांबडी पेन्सिल घेऊन बसले. वर पाच ते पावणेसात अशी मिनिटं. बाजूला स्टेशनांच्या नावांच्या जागी ओटा, परात, डावी शेगडी, उजवी शेगडी. कुकर म्हणजे मेल, त्याला कुणी अडवायचं नाही. पोळ्या म्हणजे मालगाडी, त्यांना कुकर उतरला की लाइन मोकळी. एकही चौकट रिकामी राहिली नव्हती. मला नवऱ्याचं इतकं कौतुक कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मावशींनी तो ओट्यावरच्या भिंतीला चिकटवलेला कागद वाचला. त्या सातवी शिकलेल्या होत्या. कडेला रात्री करायचं एकच काम लिहिलं होतं, तिथं बोट ठेवून म्हणाल्या, "हे कुणी लिवलं? भाकरीचं पीठ रातीच मळायचं?"

"साहेबांनी."

"कणीक ठेवली तर चालंल एकवेळ. ज्वारीचं पीठ मळून ठिवलं तर सकाळी भाकर थापताच यायची न्हाई, तुकडं हाती येतील."

तेवढं खोडलं. बाकी कागद त्यांनी मुकाट्यानं पाळला. पाचला आल्या की थेट कुकर. कुकर होईतो दुसऱ्या शेगडीवर भाजी. मग तवा. पहिल्याच दिवशी साडेसहाला तिन्ही डबे भरून ओट्यावर. मी जिना शांतपणे उतरले. शटलमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली, आणि मी शेजारणीला आमच्या ग्राफची गोष्ट रंगवून सांगितली.

असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी मावशी आल्याच नाहीत.

सव्वापाचपर्यंत मी वाट पाहिली आणि मग पदर खोचला. कागद समोर होताच. पण कागदाला हात नसतात. कुकरची शिट्टी होईना, कारण रिंग उलटी बसली होती. पोळ्या नकाशासारख्या झाल्या. भाकरी तव्यावर टाकतानाच मोडली, आणि आप्पांनी ते तुकडे दुधात कुस्करले. हे रात्रपाळीवर, नाहीतर त्यांचा ग्राफ त्यांनाच करायला लावला असता. मी स्टेशनच्या पुलावर पोचले तेव्हा शटलच्या शेवटच्या डब्यातून गार्ड हिरवा झेंडा दाखवत होता. पुढच्या गाडीनं गेले. लेटमार्क लागला, तो दुसरा. आणखी एक, की लेखी कागद.

संध्याकाळी स्टेशनातून परस्पर मावशींच्या घरी गेले. रागातच गेले. निरोप तरी धाडायचा होता, एवढं सुनावायचं ठरवलं होतं. त्यांचं घर आमच्या कॉलनीपासून अर्ध्या तासावर, बुद्धविहाराच्या मागे. मावशी दारात लसूण सोलत बसल्या होत्या. आजारी दिसत नव्हत्या.

"या ताई," म्हणाल्या. "मीच सांगावा धाडणार हुते. काल तुमच्या तव्यापुढं मला घेरी आली. ओटा धरून हुबी ऱ्हायले म्हनून पडले न्हाई. तुम्ही न्हाणीत हुता."

"मग बोलायचं नाही का मावशी?"

"काय बोलू? कागदात समद्याला टाइम हाय. कुकरला हाय, तव्याला हाय, परातीला बी हाय. मला घोटभर चहाला न्हाई." त्या हसल्या, आणि त्यांच्या हसण्यानं मला जास्त लागलं. "मी साडेचारला घर सोडते. एवढ्या लवकर घरी चूल कोन पेटवणार? तुमच्याकडचा चहा हाच माझा नाष्टा. त्यो झाला की नऊपर्यंत वढते तीन घरं."

मी घड्याळ लावून मोजलेली ती दहा मिनिटं म्हणजे त्यांचा नाष्टा होता, आणि मी ती पुसून टाकली होती.

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. पलीकडच्या एका बंगल्यातून त्यांना विचारलं होतं. आठला जायचं, उजाडल्यावर. "आमची पोरगी म्हनती तिकडंच जा. उद्या सकाळी येऊन काय ते सांगते. न सांगता सोडायची न्हाई मी."

घरी आल्यावर मी सगळं ह्यांना सांगितलं. आप्पा पलंगावर बसून ऐकत होते. हे कागदाकडे बघत म्हणाले, "क्रूचा विश्रांतीचा वेळ धरायचा राहिला. ड्रायव्हर-गार्डचा धरतो आम्ही. घरात विसरलो." मी म्हटलं, "तुम्ही नाही विसरलात. मीच काढायला सांगितला." ते बोलून टाकल्यावर जरा हलकं वाटलं, पण उद्याचा प्रश्न होताच. मावशी गेल्या तर दौंडात पहाटे पाचला येणारी दुसरी बाई मिळणार नव्हती. सासरच्यांत मागे एकदा निघालेलं "नोकरी सोड की मग" पुन्हा निघालं असतं.

पहाटे पावणेपाचला उठले, म्हटलं निदान आज तरी चहा मी टाकते. स्वयंपाकघरात दिवा आधीच लागलेला. आप्पा शेगडीपुढे उभे! वरणाच्या पातेल्यात चहा उकळत होता, पाचजणांना पुरेल इतका, आणि ओट्यावर साखर सांडली होती. आप्पा रानातल्या सवयीनं रोज चारलाच उठायचे आणि उजाडेपर्यंत अंधारात बसून राहायचे. त्यांना काही काम द्यावं हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी जन्मात कधी चहा केला नव्हता.

पाचला मावशी आल्या. आप्पांच्या हातात गाळणी बघून दारातच थबकल्या.

"बसा," आप्पा म्हणाले. "आमच्या रानात गड्याला चहा पाजल्याबिगर आवताला हात लावू देत न्हवतो आम्ही. हितं सून-ल्योक शिकलेली, त्यांना न्हाई ठावं. साखर किती घालू?"

मावशी उंबऱ्यावर टेकल्या. "दीड चमचा," म्हणाल्या. मग हळूच, "आजवर कुनी इचारलं न्हवतं, आप्पा."

तीन वर्षं त्या माझ्या घरात राबत होत्या. मला त्यांच्या चहाची साखर माहीत नव्हती. डोळ्यांत पाणी आलं ते लपवायला मी परात काढायला वाकले.

चहा पिऊन त्या उठल्या, आणि बंगल्याचं नाव न काढता कागदासमोर उभ्या राहिल्या. "पेन्सिल द्या साहेबांची. ह्यो कागद चुकीच्या टोकानं काढलाय. सकाळचं काम सकाळी कमी करायचं." मग त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. भाजी रात्रीच निवडून, चिरून झाकून ठेवायची. पालेभाजी मात्र निवडून कोरडी ठेवायची, चिरायची सकाळी. डाळ-तांदूळ निवडून डब्यात मोजून. कणीक आप्पांनी पावणेपाचला भिजवायची, म्हणजे चहा होईतो ती मुरते. लसूण सोलणं आप्पांकडेच. मावशींकडे फक्त विस्तवाची कामं, आणि भाकरी सगळ्यांत शेवटी. "कणीक? मी?" आप्पा म्हणाले. पण चार दिवसांत त्यांचा हात बसला, आणि आठवड्याभरात ते मलाच शिकवू लागले, की मीठ आधी घालायचं.

ह्यांनी नवा ग्राफ काढला. पाच ते पाच-दहा या चौकटीत दोन्ही शेगड्यांच्या रेघा थांबवल्या आणि लिहिलं, 'चहा. सर्व गाड्या उभ्या.' गंमत म्हणजे डबे पूर्वीपेक्षा पाच मिनिटं आधीच भरून व्हायला लागले. पुढं मावशी आमच्याकडे नऊ वर्षं होत्या. तिसरा लेटमार्क मला त्या वर्षी लागला नाही.

गुडघे धरले तेव्हा त्यांनी कामं सोडली आणि लेकीकडे शिरूरला गेल्या. आप्पा तोवर राहिले नव्हते. गेल्या चौदा एप्रिलला, जयंतीला, मावशी दौंडला आल्या, तेव्हा पांढरी साडी नेसून, नातीचा हात धरून आमच्या घरीही आल्या. मी त्यांना खुर्चीवर बसवलं. स्वयंपाकघरात गेले, चहा टाकला, काही न विचारता कप भरून त्यांच्या हातात दिला.

त्यांनी घोट घेतला, जरा वेळ तो तोंडात घोळवला.

"बराबर हाय," म्हणाल्या.