दोन टेकड्यांचा पेपर

"तिला कशाला विचारताय, ती बोलतच नाही," सर माझ्याबद्दल माझ्या मागे कुणाला तरी म्हणाले. पनवेलच्या आमच्या कॉलेजात शनिवारी प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये आम्ही एखादा छापून आलेला संशोधनाचा पेपर तपासतो, म्हणजे बहुतेकदा सामोसे खात त्याचं कौतुक करतो.

त्या दिवशीच्या पेपरात दोन टेकड्या होत्या. एकीवर वाडीतल्या बायका सरपण गोळा करतात, दुसरी सरपणासाठी बंद आहे. पहिलीवर पक्षी कमी दिसले, म्हणून सरपणामुळे पक्षी घटले, असा निष्कर्ष. त्या टेकडीला लागून खडीची खाण आहे, हे एका ओळीत उरकलं होतं. आधीची मोजणी कुठेच नव्हती, तरी 'घटले' हा शब्द थेट शीर्षकात. हे कुणीतरी तपासून छापलं होतं.

सरांना हाच पेपर जोडून वनखात्याला पत्र द्यायचं होतं, की वाडीचं सरपण बंद करा.

"सगळ्यांचं एकमत लिहितो," ते म्हणाले. "प्रत्येक टेकडीवर तीस जागी मोजलंय. पी-व्हॅल्यू बघा, फरक निव्वळ योगायोगाचा वाटत नाही. अजून काय पाहिजे?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझीही हलायला लागली होती, आणि मला स्वतःचीच किळस आली.

"सर, एकाच टेकडीवर तीस जागी मोजलं तरी टेकडी एकच राहते," मी म्हणाले. "दोन टेकड्या वेगळ्या आहेत, एवढंच यातून कळतं. ते सरपणामुळे की खाणीमुळे, हे कळत नाही. एकमतात मला धरू नका."