राखेचा ढीग आणि साळूबाईची म्हैस

साळूबाईचं डोकं रिकामं बसत नसे, हीच तिची खोड. रहिमतपूरपासून दोन-तीन कोसांवरच्या माळेवाडीत ती सून म्हणून आली, तेव्हा माहेरहून एक काळीभोर म्हैस घेऊन आली. नवरा कृष्णात पलटणीत, लढाई सुरू, घरात ती आणि सासू धोंडुबाई. सासूचा हिशोब सरळ होता. नांगराला न लागणारं जनावर वैरण खातं, तेव्हा त्याला बाजार दाखवून मोकळं व्हावं. आणि साळूबाईचा जीव त्या म्हशीत. माहेरचं म्हणावं असं तिच्याजवळ तेवढंच होतं.

त्या साली रहिमतपूरहून माळेवाडीवरून खिंड ओलांडून पलीकडच्या गावांपर्यंत खडीचा रस्ता झाला आणि त्यावर उतारूंची सर्व्हिस मोटार धावायला लागली. गावाला उधाण आलं. नाथाजी पवारानं चावडीसमोर, मोटार थांबते तिथंच, दोन बाकडी टाकून हॉटेल काढलं आणि वर पताका लावली. साळूबाईच्याही मनात चहाचाच धंदा होता, पण नाथाजीची पताका बघून ती नुसती हसली.

"आत्याबाई, गावात कोण इकत च्या पिणार? घरची चूल पेटलेली असतीया की," ती सासूला म्हणाली.

"मग काय रानात इकणार हायेस?" धोंडुबाई म्हणाली. "माकडांस्नी?"

साळूबाईनं खरंच रानातली जागा हेरली होती. पेट्रोल सगळं लढाईत जाई, म्हणून मोटार कोळशाच्या गॅसवर चाले. पाठीमागे हा मोठा लोखंडी ढोल, त्यात कोळसा धुमसायचा. असली मोटार चढाला लागली की तिचा दम उखडे. खिंडीच्या पायथ्याला ती थांबायची, क्लीनर ढोल उघडून सळईनं निखारे ढोसायचा, राख ओढून रस्त्याकडेला टाकायचा. गवत कापायला जाता-येता साळूबाईनं तो राखेचा ढीग पाहिला होता. रोज तो थोडा थोडा वाढत होता. मोटार कुठं थांबते हे राख सांगत होती.

"तितं च्याचं खोपाट घालते. दूध आपल्या म्हशीचं, गूळ घरचा," ती म्हणाली.

धोंडुबाईनं सुपारी तोंडात टाकली. "दसऱ्यापातूर बघ. चाललं तर चाललं. न्हाईतर म्हस बाजारातल्या हेड्याला इकनार. मग रडत बसायचं न्हाई."

साळूबाईनं राखेच्या ढिगाशेजारी चार मेढी रोवल्या, वर पाचट टाकलं आणि चूल मांडली. चहा फक्कड होता, पण पिणारं कुणी नव्हतं. मोटार थांबली रे थांबली की महंमद ड्रायव्हर ओरडायचा, "उतरा, उतरा! भरल्या गाडीला चढ झेपत न्हाई!" आणि माणसं बोचकी गाडीत टाकून घाईघाईनं चढ चढायला लागायची. मोटार पुढं निघून जाईल आणि आपण मागं राहू ही धास्ती प्रत्येकाला. एखादा म्हातारा कपाकडे बघायचा आणि उसासा टाकून पुढं व्हायचा. उरलेला चहा साळूबाई स्वतःच प्यायची आणि रात्रभर जागी राहायची.

नाथाजी एकदा मुद्दाम बघायला आला. त्याचंही हॉटेल धड चालत नव्हतं, पण दुसऱ्याचं बुडतंय हे बघायला माणसाला वेळ असतो. "काय वैनी, माकडं येत्यात का न्हाई?"

"येत्यात की. आत्ताच एक आलंय," साळूबाई म्हणाली.

नाथाजी गेल्यावर मात्र तिला रडू आलं. दसरा तोंडावर आला होता. गोठ्यात म्हैस रेकली की ती उठून तिच्या पाठीवरून हात फिरवून यायची. आपलं चुकलं कुठं? मोटार तर इथंच थांबते!

एके दिवशी तिनं चूल विझवली, पदर खोचला आणि उतारूंबरोबर आपणही खिंड चढली. वर पोचली तेव्हा तिच्या घशाला कोरड पडली होती. सगळी माणसं घामाघूम होऊन दगडांवर टेकली होती. मागनं रिकामी मोटार धापा टाकत आली आणि तीही थांबली. पुढचं झाकण उघडलं, वाफ निघाली, क्लीनर डब्यातलं पाणी ओतू लागला. इथं कुणालाच घाई नव्हती, कारण मोटार डोळ्यांसमोर उभी होती.

"खुळी गं मी," साळूबाई मोठ्यानं म्हणाली. "मोटार थांबायची जागा बघितली, मानूस बसायची बघितलीच न्हाई!"

दुसऱ्या दिवशी खोपाट वर गेलं. पाणी खालच्या विहिरीवरून डोक्यावर न्यावं लागे, मान दुखून येई. पण पहिल्याच खेपेला किटली खडखडीत रिकामी झाली आणि महंमद म्हणाला, "भाभी, आता गाडी बिघडली तरी कुणी शिव्या देणार न्हाई." दसऱ्याला साळूबाईनं म्हशीच्या शिंगांना झेंडूच्या माळा बांधल्या. वैरणीची पेंढी धोंडुबाईनं स्वतः टाकली.

लढाई संपली, तरी कृष्णात अजून पलटणीतच होता. पुढं हळूहळू पेट्रोल मिळायला लागलं, पायथ्याला राख कमी पडू लागली, आणि एका दिवाळीनंतर महंमदच्या मोटारीचा ढोल निघाला. मोटार खिंड अशी चढली की उतारू गाडीतूनच हात हलवून गेले. साळूबाईची किटली भरलेलीच राहिली.

धोंडुबाईचा धीर सुटला. तिनं हेड्याला निरोप धाडला. "नशिबानं दिलं तेवढं दिलं," ती सुनेला म्हणाली. "आता हट्ट पुरे."

"हट्ट न्हवं, आत्याबाई. राख कमी व्हायला लागली तवाच मी दुसरी जागा बघून ठिवलीया. फाट्यावर. पर मागच्यावानी एकटीच्या डोळ्यानं न्हाई ठरवायचं. तुमी चला."

फाटा म्हणजे नदीकडून येणारी गाडीवाट नव्या रस्त्याला मिळते ती जागा. तिथं लिंबाच्या झाडाखाली तेव्हा एक चिटपाखरू नव्हतं. धोंडुबाईनं कपाळाला आठ्या घातल्या. मग तिचं लक्ष जमिनीकडे गेलं. जन्मभर शेणी थापलेल्या बाईला शेण दिसलं की ती वाकणारच. तिनं काटकीनं शेणाचा एक पो उलटला, मग दुसरा.

"ही आपल्या गावची जनावरं न्हवंत," ती म्हणाली. "उसाचं वाडं खाल्लेली हायती. नदीकाठची, उसाच्या गावची." ती झाडाभोवती फिरली. "आनि हितं नुसती गेली न्हाईत. जुवातनं सुटल्यात. बसल्यात. ह्यो बघ, खाली दाबलाय पाला."

"गुळाच्या गाड्या," साळूबाई म्हणाली. "ठेसनावर जात्यात, तिथनं गूळ सांगलीच्या पेठंला. पयले नदीकडच्या वाटंनं जायच्या, चाकं रुतायची. आता नव्या रस्त्यानं येत्यात. गुऱ्हाळं नुकतीच लागलीत, आत्ताशी चारदोन येत असत्याल. पुढं रीघ लागंल."

"मग त्यांस्नी नुसता च्या काय करायचाय?" धोंडुबाई फणकारली. "गाडीवान घरनं पहाटंचं निगत्यात. त्यांस्नी भाकरी पायजे, झुणका पायजे. बैलांस्नी कडबा पायजे. पानी पायजे. तुला कळतंय काय?"

साळूबाईनं हसू लपवायला तोंडाला पदर लावला.

घरी परतल्या तर अंगणात हेडी हरिबा म्हशीचे दात बघत उभा. दावं सुद्धा सोडून हातात घेतलं होतं. "धोंडुबाई, जनावर झ्याक हाय. बोला."

धोंडुबाईनं त्याच्या हातातून दावं काढून घेतलं आणि पुन्हा खुंट्याला बांधलं.

"म्हस माझी न्हाई, सुनंची हाय," ती म्हणाली. "तुझ्याकडं दुसरी असंल तर सांग. फाट्यावर एकीचं दूध पुरायचं न्हाई."