खोडलेला मुक्काम

गल्लीत तिला तारीखबाई म्हणत. लग्नाचं आमंत्रण दिलं तरी आधी विचारायची, "त्या दिवशी डोंगरावर हवामान कसं असेल?" नवरा म्हणे, "आमची मधुचंद्राची तारीखही हिने हवामान बघूनच काढली!" छापखान्यावरच्या खोलीत बसून पंधरा वर्षं ती लोकांच्या डोंगरवाटा आखत होती. भिंतीवर पेन्सिलीने भरलेला तक्ता. त्यात विश्रांतीच्या दिवसाभोवती मात्र शाईची चौकट.

यंदाची शेवटची तुकडी तिचा धाकटा भाऊ नेणार होता. परवाना तीन ते बाराचा. त्यानंतर हंगाम बंद. नेमकं विमान रद्द झालं आणि चौकीवर नोंद चार तारखेला झाली. आता खिंड ओलांडायची नऊला, आणि नऊच्या पहाटेपासून बर्फाचा अंदाज.

"ताई, सातची विश्रांती खोड ना," फोनवर भाऊ लाडीगोडी लावत होता. "आठला खिंड पार. आभाळ कसं लख्ख असेल!"

"आभाळाला डोकेदुखी होत नाही रे, माणसांना होते. विरळ हवेची सवय व्हायला सदतीसशे मीटरवर दोन रात्री काढायच्या. खिंड नाही जमली तर परत फिरायचं."

"बरं बाई," तो म्हणाला. इतक्या लवकर तो कधीच ऐकत नसे.

सात तारखेला दुपारी दीडला तुकडीच्या स्वयंपाक्याचा फोन आला.

"ताई, आम्ही बेचाळीसशेवर आहोत. दादांनी तुम्हाला सांगू नका म्हटलं होतं."

तिने तक्त्याकडे पाहिलं. आज ते सगळे सदतीसशेवर पाय पसरून पडलेले असायला हवे होते.

"कोण आजारी आहे?"

"पाहुणे ठीक आहेत. दादांनाच सकाळपासून उलट्या. बुटाची नाडी बांधता येईना. सरळ रेषेत चालवलं तर झोकांड्या खातात."

"त्याला फोन दे."

"अगं ताई, उगाच काय..." जीभ जड होती.

"आज तारीख काय?"

"पाच... पाचच ना?"

उंचीवर मेंदूला सूज येऊ लागली की माणूस असाच चुकतो, हे ती दर तुकडीला निघण्यापूर्वी बजावून सांगे.

"ऐका," ती स्वयंपाक्याला म्हणाली, "प्राणवायू लावा, पेटीतली सुजेची गोळी द्या आणि लगेच खाली उतरवा. रात्रीची वाट बघू नका. दोन्ही बाजूंनी धरा. सगळ्यांनी एकत्र उतरा."

"पण परवाना? एकदा खाली आलो की यंदा पुन्हा सोडणार नाहीत."

"जाऊ दे रे तो परवाना!"

तिने हेलिकॉप्टरवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, दुपारी दरीत ढग भरलेत, सकाळी बघू.

चारला पुन्हा घंटी वाजली. स्वयंपाक्याला धाप लागली होती.

"ताई, निम्म्यात आलोय. धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नाही. दादा खाली बसलेत, म्हणतात थोडं झोपू द्या."

"झोपू देऊ नका!" ती ओरडली. खालची छपाईयंत्रं थांबली. "पाठीवर घ्या! ऐकताय ना? पाठीवर घ्या आणि चालत राहा!"

पलीकडून फक्त कुणाचं तरी अडखळत श्वास घेणं ऐकू येत होतं. तो श्वास भावाचा की स्वयंपाक्याचा, तिला ओळखता येईना.