मावशीच्या वर्तणुकीचा दाखला

अमरावतीच्या राजापेठेत आमचं फुलांचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, मी चालवतो. आमच्याकडे हार करणारी एक बाई वीस-बावीस वर्षांपासून आहे. वयानं माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, म्हणून सगळे तिला मावशी म्हणतात. ती मला भाऊ म्हणते आणि नोकरासारखं वागवते.

मावशीवर अकोल्याच्या कोर्टात फौजदारी खटला होता. ती दिवाळीसाठी भावाकडे अकोल्याला गेली असताना त्याच्या शेजाऱ्यानं सामाईक बोळीत मोटारसायकल आडवी लावली. मावशीनं काढायला सांगितली. तो विधवा बाईला बोलू नये ते बोलला. मावशीच्या हातात पितळी लोटा होता. तिनं तो फेकला आणि शेजाऱ्याचा समोरचा दात पडला.

नुसतं खरचटलं असतं, तर प्रकरण किरकोळ राहिलं असतं. पण हाड मोडलं किंवा दात पडला की कायद्यात ती जबर दुखापत होते. म्हणून जुन्या दंड संहितेचं कलम तीनशे पंचवीस लागलं, वरची मर्यादा सात वर्षांची. तडजोड करता आली असती, पण ती शेजाऱ्याच्या मर्जीवर होती, आणि त्याची मर्जी नव्हती. सात वर्षं तारखा पडत राहिल्या. तिच्या प्रत्येक तारखेला मी हजेरीपुस्तकात ‘गैरहजर’ लिहीत असे आणि लग्नसराईतच कोर्टाला कशी आठवण होते म्हणून कुरकुरत असे.

शेवटी कोर्टानं आरोपीलाच विचारलं की साक्षीदारांच्या सांगण्याबद्दल काय म्हणायचं आहे. तिच्या वकीलबाईंनी तिला पढवून ठेवलं होतं, ‘खोटं आहे’ एवढंच म्हणायचं. मावशी म्हणाली, “लोटा मीच फेकला साहेब. दात पाडाचा नव्हता, तोंड बंद कराचं होतं.”

ती दोषी ठरली. शिक्षा मात्र त्याच दिवशी झाली नाही. वकीलबाईंनी विनंती केली की पहिलाच गुन्हा आहे, तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर, सोडावं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी ती कशी राहते-वागते याची चौकशी करणाऱ्या परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवला, शिक्षेच्या मुद्द्यावर ऐकण्यासाठी पुढची तारीख दिली आणि तोवर जामीन कायम ठेवला. वकीलबाईंचा मला फोन आला, “मालकाचं एक पत्र लागेल. ती कशी आहे, ते कोर्टाला सांगणारं.”

हे काम मला फार सोपं वाटलं. मी एका संध्याकाळी दुकानाच्या लेटरहेडवर दीड पान लिहिलं. ‘सदर बाई अत्यंत शांत, मनमिळाऊ, सोशिक, प्रेमळ असून तिने बावीस वर्षांत कोणाशीही भांडण केलेले नाही. तिला खोट्या गुन्ह्यात गोवण्यात आले आहे.’ खाली सही, शिक्का. वाचून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

अकोल्याला जाऊन ते वकीलबाईंना दिलं. त्यांनी चष्मा वर केला.

“हे काय, स्थळाचा बायोडाटा आहे का?”

“काहून, काय चुकलं?”

“खोटा गुन्हा म्हणता. कोर्टानं पुरावा ऐकून तिला दोषी ठरवलंय. आता त्याच कोर्टाला सांगता की तुम्ही चुकले, आणि वर दया मागता? निकालावर भांडायचं तर अपील आहे. या पत्रात पहिल्यांदा हे यायला पाहिजे की गुन्हा काय, कलम काय, ती दोषी ठरली हे तुम्हाला माहीत आहे. माहीत असूनही तुम्ही तिच्यासाठी लिहिताय, त्यालाच किंमत.”

मग त्यांनी एकेक विशेषणावर पेन फिरवलं. “शांत? दात पाडणारी? कोर्ट हसेल. तुम्ही स्वतः काय पाहिलं ते लिहा. कधीपासून ओळखता, कोणतं काम करते, कधी काय झालं, ती कशी वागली. गावातले लोक काय म्हणतात ते लिहू नका. शिक्षा झाली तरी कामावर ठेवाल का, ते स्पष्ट लिहा. जामीनदार राहणार असाल तर तेही. शिक्षा किती द्यावी हे साहेबांना शिकवू नका. सोबत दुकानाच्या नोंदणीची प्रत, तुमचं आधार. आणि नुसतं पत्र दिलं की सरकारी वकील हरकत घेतात, म्हणून त्याच मजकुराचं प्रतिज्ञापत्र करू. म्हणजे शपथेवर. कळलं ना?”

शपथेवर हा शब्द मी ऐकला, पण मनावर घेतला नाही.

दुसरा मसुदा बेताचा झाला. निकाल मान्य केला, कलम लिहिलं, बावीस वर्षं लिहिली. ‘काम चोख, सचोटी वादातीत, नोकरी कायम राहील.’ भांडणाचं वाक्य मात्र मी काढलं नाही. ते मला शोभून दिसत होतं.

अजून प्रतिज्ञापत्र व्हायचं होतं. तेवढ्यात परिवीक्षा अधिकारी दुकानात आला. मावशी अमरावतीत राहते म्हणून चौकशी इथल्या अधिकाऱ्याकडे आली होती. चाळिशीचा शांत माणूस, हातात फाईल. आधी तिच्या घरी, शेजारी, तिच्या मुलीकडे जाऊन आला होता. त्यानं विचारलं, घरात कोण, कमाई काय, आधी कधी पोलिसात नाव होतं का. मी तत्परतेनं माझा मसुदा पुढे केला. त्यानं तो वाचला.

“इथं कोणाशी कधी भांडण नाही?”

“कधीच नाही,” मी म्हणालो.

मावशी मागे निशिगंध ओवत बसली होती. सुई न थांबवता म्हणाली, “कायले खोटं बोलून राह्यले भाऊ? दोनदा झालं. एकदा तं यायच्याच अंगावर मी बादलीभर पानी फेकलं.”

अधिकाऱ्यानं पेन उघडलं. “कशावरून?”

माझ्याकडे पाहून मावशी म्हणाली, “सांगा ना. तुमी मालक हा.”

मी टोपलीतली फुलं सारखी करू लागलो. मग तिनंच सांगितलं. पाच-सहा वर्षांपूर्वी एका मोठ्या लग्नाची ऑर्डर होती. झेंडूची गाडी उशिरा आली. मी तिला म्हणालो, कालची फुलं पाणी मारून मधे मधे घाल, स्टेजवर कोणाला कळते. ती नाही म्हणाली. मी म्हणालो, दुकान माझं आहे. तिनं फुलं भिजवायची बादली उचलली आणि माझ्यावर रिकामी केली. समोर गिऱ्हाईक उभं होतं. मग ताजी फुलं येईपर्यंत आम्ही दोघंही ओल्या फरशीवर बसून राहिलो.

“अन् दुसरं?” अधिकाऱ्यानं विचारलं.

“तेबी तेच. फक्त तवा शेवंती होती.”

त्यानं सगळं लिहून घेतलं. जाताना मला अगदी सौम्यपणे म्हणाला, “माझा अहवाल बंद पाकिटात जातो. तुमचं पत्र मात्र सगळ्यांसमोर वाचलं जाईल. दोन्ही जुळले तर बरं.”

तो गेल्यावर मी मावशीवर चिडलो. “मी तुले वाचवून राहिलो अन् तू मलेच बुडवतं?”

“मले वाचवाचं असन तं खरं लिवा. मी शांत हाय असं कोनं सांगितलं तुमाले? बावीस वर्षांत तुमी मले एक दिवस तरी शांत पाह्यली का?”

नव्हती पाहिली. पेच असा होता की तिची सचोटी मी पाहिली होती ती याच दोन प्रसंगांत. बाकी दिवस ती हार करत होती आणि मी गिऱ्हाईक करत होतो. सचोटी लिहायची तर प्रसंग लिहायचा, प्रसंग लिहायचा तर शिळा झेंडू लिहायचा, आणि तो कोणाच्या सांगण्यावरून हेही लिहायचं. तेही शपथेवर, दुकानाच्या लेटरहेडवर, जिथं वरती वडिलांनी छापून घेतलं होतं, ‘ताज्या फुलांचे खात्रीशीर ठिकाण’.

मी फोन करून वकीलबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “तुमची इभ्रत जाईल. तिचं काम होईल. ठरवा.”

ठरवायला दोन दिवस लागले, हे कबूल केलं पाहिजे. तिसऱ्या दिवशी मी लिहिलं. ‘तिचा स्वभाव तापट आहे. ती माझ्याशी दोनदा भांडली. दोन्ही वेळा मी शिळी फुले ताजी म्हणून देण्यास सांगितले होते आणि तिने नकार दिला होता. दोन्ही वेळा चूक माझी होती. तिने गिऱ्हाइकाला कधी फसवले नाही. लोटा फेकल्याचा तिला पश्चात्ताप आहे काय, असे मी विचारले असता, दात पडल्याचा आहे, असे ती म्हणाली. तिला मी कामावर ठेवीन व जामीनदार राहीन.’ तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “आता माह्यासारखं वाटते.” मग नोटरीसमोर शपथ घेतली.

तारखेला सरकारी वकील म्हणाले, मालक आणि नोकर, असं पत्र कोणीही देईल. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी ते वाचलं, परत मागे जाऊन एक परिच्छेद पुन्हा वाचला आणि मला उभं केलं.

“हे तुम्हीच लिहिलं? कोणी सांगितलं म्हणून नाही?”

“मीच लिहिलं साहेब. सांगितलं तिनं, पण लिहिलं मी.”

साहेबांनी कागद खाली ठेवला. सरकारी वकिलांकडे वळून म्हणाले, “असं पत्र कोणीही देईल, असं मला वाटत नाही.” मग अहवालाचा सारांश सांगितला. तोही तेच म्हणत होता.

वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर तिला सोडलं, अमरावतीच्या परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली. शेजाऱ्याला दाताच्या खर्चाची भरपाई द्यायचा हुकूमही झाला. या मुदतीत पुन्हा गुन्हा केला तर बोलावून मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावू, हे साहेबांनी तिला सोप्या शब्दांत समजावलं. जामीनदार म्हणून माझी कागदपत्रं तपासली जात असताना मावशीनं माझ्याकडे बोट करून वकीलबाईंना विचारलं, “यायच्या वागनुकीची चौकशी कोन करते?”

तिला उत्तर मिळालं नाही, पण मला मिळालं. अधिकारी महिन्याला एकदा दुकानात येऊ लागला. तिच्याजवळ दोन मिनिटं बसायचा, कशी आहेस विचारायचा. मग फुलांच्या टोपल्यांवरून नजर फिरवत जायचा. देखरेख तिची होती. घाम मला फुटायचा. त्या वर्षात आमच्या दुकानात जितकी फुलं फेकली गेली तितकी वडिलांच्या काळापासून कधी गेली नसतील.

वर्ष संपलं. मावशीनं विचारलं, “मंग, मी चांगली झाली असा कागद भेटते का?”

मी वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “कागद कशाचा? मुदतीत काही झालं नाही, विषय संपला.”

मी तिला तसं सांगितलं. तिनं हातातला हार बाजूला ठेवला.

“वाईट झाली तं कागद देतात,” ती म्हणाली, “अन् चांगली झाली तं काईच नाई,” आणि नवा दोरा ओवायला सुई माझ्याकडे दिली, कारण आता तिला जवळचं दिसत नाही.