परमनंट ब्लॉक

नवरा गेल्यावर त्याच्या कंपनीचे पैसे माझ्या खात्यात आले आणि माझे धाकटे दीर एकाएकी फार मायाळू झाले. आम्ही भांडुपला एकाच बिल्डिंगमध्ये, ते पहिल्या मजल्यावर, मी तिसऱ्या. "वहिनी, बँकेत खेटे कशाला घालता? मोबाईलवर करून देतो," म्हणाले आणि माझ्या फोनमध्ये बँकेचं ॲप टाकून दिलं. भाषा विचारली तेव्हा यादीत मराठी होती, मी स्वतः पाहिली. यांनी इंग्रजीवर बोट ठेवलं. "मराठी आहे की, भाऊजी," म्हटलं, तर म्हणे, "मराठीत नीट चालत नाही ते." ॲपचा पिनसुद्धा त्यांनीच घातला, स्वतःच्या मुलाच्या वाढदिवसाचा.

तेव्हापासून शिल्लक बघायची म्हणजे फोन घेऊन खाली जायचं. भाऊजी चष्मा लावून आकडा मोठ्यानं वाचायचे, दार सताड उघडं. संध्याकाळपर्यंत नळावर चर्चा! पैसे माझे, आणि हिशेब अख्ख्या बिल्डिंगला पाठ. अस्सा राग यायचा ना, पण त्या पैशांतून पोरीची नर्सिंगची फी भरेपर्यंत मला त्यांची गरज होती. पोरगी हॉस्टेलला, आणि मला इंग्रजी अक्षरं जुळवून वाचता येतात इतकंच. अर्थ मागाहून रखडत येतो.

एका दुपारी किराणावाल्याकडे कार्ड काढायला गेले तर बटव्यात कार्डच नाही. देवीचा अंगारा होता, सुटे पैसे होते, कार्ड नाही. आणि कार्डाला गुंडाळलेल्या चिठ्ठीवर एटीएमचा पिन मी मराठी आकड्यांत लिहून ठेवला होता. चोराला काय कळणार, असं वाटलेलं. मुंबईत! माझ्यासारखी शहाणी मीच.

धावत पहिल्या मजल्यावर गेले. भाऊजी टीव्हीवर मॅच बघत होते. "भाऊजी, कार्ड हरवलं! बंद करून द्या लवकर." त्यांनी मान वळवली नाही. "सापडेल हो वहिनी, कुठं जातंय. उद्या बघू. उगाच बंद केलं तर डोक्याला ताप."

उद्या? तोवर माझ्या पोरीची फी कुणीतरी उडवली असती. मी तिथंच ठरवलं, या माणसाचं तोंड आता बघायचं नाही. वर आले, दार लावलं आणि ॲप उघडलं. पिन मला पाठच होता, इतक्यांदा त्यांची बोटं बघितली होती.

आधी शिल्लक. आकड्यांच्या जागी नुसत्या फुल्या, शेजारी डोळ्याचं चित्र. डोळ्यावर बोट ठेवलं आणि आकडा उघडा झाला. सगळे पैसे होते. आकड्यांना कुठं भाषा असते! जीव भांड्यात पडला. मग कार्डाचं चित्र दिसलं, ते दाबलं. माझं नाव, शेवटचे चार आकडे, आणि खाली कार्ड ब्लॉक करायची दोन बटणं. एकावर लिहिलेलं टेंपररी, दुसऱ्यावर परमनंट.

हे दोन शब्द मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माझा नवरा कितीतरी वर्षं कंपनीत टेंपररी होता. टेंपररी म्हणजे आज बंद, उद्या परत चालू. परमनंट झाला त्या दिवशी सासूबाईंनी बिल्डिंगभर पेढे वाटले होते. मी परमनंट दाबलं. कारण विचारलं, त्यात 'लॉस्ट' ओळखलं. ओटीपी आला, तो घातला. कार्ड बंद झाल्याचा मेसेज आला तेव्हा काय सांगू, सुख वाटलं. बसल्या बैठकीला शोधून ॲप मराठीत केलं आणि पिनही बदलला. नीट चालत नाही म्हणे! झकास चालत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी वर आले, मागून जाऊबाईही. भाऊजींच्या हातात माझं कार्ड. "वहिनी, हे बघा, आमच्या जिन्यात पडलेलं. म्हटलं ना, सापडेल." मी कार्ड घेतलं. भोवतीची चिठ्ठी नव्हती.

"बरं झालं हो," मी म्हटलं.

"पण हे चालत नाहीये," ते म्हणाले. "आणा फोन, मी बघतो काय झालंय."

मी फोन दिला नाही. मला घाईच नव्हती. इतके दिवस माझा आकडा दार उघडं टाकून वाचला होता ना, मग मीही दार सताड उघडलं. समोरची बाई डोकावेपर्यंत थांबले आणि खणखणीत आवाजात विचारलं, "भाऊजी, जिन्यात पडलेलं कार्ड चालत नाही, हे तुम्हाला कसं हो कळलं?"

भाऊजी चष्मा काढून पुसायला लागले. जाऊबाई मात्र माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे बघत होत्या. "अहो," त्या म्हणाल्या, "काल मॅच अर्धी टाकून कुठं गेला होता तुम्ही?"