दहा वर्षांचे आभार

गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत पाठवून दहा वर्षं किराणा दुकान चालवणारा माणूस अख्ख्या भांडुपात एकच, आणि तो नेमका आमच्या इमारतीखाली. आम्ही त्यांना काका म्हणतो. जिरं मागितलं की काका विचारणार, "गेल्या सोमवारी न्हेलंत, ता काय केलात?" पाहुण्यांसाठी मी एकदा महागाचे काजू मागितले, तर भर गिऱ्हाइकांत म्हणाले, "पाव्हणे तुझेच ना? शेंगदाणे चलतले." आतून काकी ओरडतात, "अवो, तेका माल इका! दुकान कित्याक काढलात?"

दुकानाला दहा वर्षं झाली तेव्हा काकींनी पूजा घातली, पटांगणात भाड्याच्या खुर्च्या आणि स्पीकर आणला. काकांचं भाषण लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण इमारतीत रिकामा मीच. निम्मी इमारत एव्हाना मोबाइलवरून दहा मिनिटांत घरपोच सामान मागवू लागली होती. असंच चाललं तर दिवाळीनंतर शटर ओढून गावी जायचं, हे काकींनी मला हळूच सांगितलं होतं. म्हणून शेवटी मी एक जोरदार वाक्य ठेवलं : "ते दहा मिनिटांत येतात, आम्ही दहा वर्षं इथेच आहोत!" आरशासमोर म्हणून पाहिलं. माझेच डोळे पाणावले.

अशा भाषणाचं एक शास्त्र असतं. आधी देव, मग जागामालक, मग घरचे, शेवटी गिऱ्हाइकं. आणि गिऱ्हाइकांत नाव कुणाचंच घ्यायचं नाही, एकाचं घेतलं की बाकीच्यांची तोंडं वाकडी. काका अगदी शिस्तीत बोलले. पहिल्या दिवशी फक्त काडेपेटी खपली, हे सांगितलं. काकी पहाटे उठून डाळी निवडतात, हे सांगितलं. टाळ्या झाल्या. "तुम्ही इलात म्हणून आमची चूल पेटली," म्हणाले आणि थांबले.

मला वाटलं, विसरले. मागच्या खुर्चीवरून कुजबुजलो, "काका, ते दहा मिनिटांवालं म्हणा ना!" माइक त्यांनी तोवर खाली, बरोबर माझ्या तोंडाशी आणला होता. कुजबुज पाचव्या मजल्यापर्यंत गेली.

"ता नको रे," काका माइकवरूनच म्हणाले. "आमच्या पवारवहिनींचो झील त्या मोबाइलवाल्यांकडेच कामाक आसा. तेच्या पोटार पाय दिवचो?"

सगळ्यांच्या माना पवारवहिनींकडे वळल्या. मुलाचा विषय निघताच वहिनींनी मान खाली घातली. मी खुर्चीखाली मावतो का, याचा अंदाज घेत होतो. नाव तर घेऊन झालंच होतं, तेव्हा काका पुढे म्हणाले, "तेच्या पयल्या पगाराचा सामान वहिनींनी माझ्याकडसूनच न्हेला हां. बाकी सगळ्यांचे आभार. चाय थंड होवच्या आदी घेवा."

लोकांनी बटाटेवडे खाल्ले, काकांच्या हाती नारळ दिला आणि आपापल्या मजल्यावर गेले. पवारवहिनी तेवढ्या मागे राहून खुर्च्या रचत होत्या.

"काका, सामान आमच्याकडूनच घ्या, हे मागायचं राहिलंच की," मी म्हणालो.

"आभार मानूक बोलवलंय मरे. तेंच्याकडे मागतलंय कसा?"

दुसऱ्या दिवशी दूध आणायला उतरलो, तर शटर नेहमीपेक्षा लवकर उघडलेलं. फळीवरचे डबे पुसून ओळीत लावले होते आणि काका जिन्याकडे बघत उभे होते.

"कोण येयत, सांगूक येणा नाय," म्हणाले.

जिन्यात तेव्हा माझ्याशिवाय कुणी नव्हतं.